बाण मागे उमटतो, रेषा पुढे सरकतात

बिल विल्यम्स या अमेरिकी ट्रेडरची फ्रॅक्टल आणि अ‍ॅलिगेटर ही साधनं जुन्या चार्टवर अचूक वाटतात. शिखरावर बाण, तळाशी बाण आणि मधल्या चढणीत सुटसुटीत पसरलेल्या तीन रेषा. अनुभवाने सांगतो, या चित्रावर विसंबू नये. त्यातला बाण दोन बार उशिरा कळतो आणि मग मागे नेऊन काढला जातो, तर रेषा म्हणजे जुनी सरासरी पुढे ढकललेली असते.

समजा, पाच दिवसांचे उच्चांक ५०२, ५०५, ५१०, ५०७ आणि ५०६ आहेत. मधला ५१० हा दोन्ही बाजूंच्या दोन-दोन बारपेक्षा उंच, म्हणून तो वरचा फ्रॅक्टल. पण हे पाचवा बार बंद झाल्यावरच ठरतं. तोवर भाव ५०३ वर आलेला असू शकतो. तेव्हा ‘बाणाला ५१० वर विकलं’ असा हिशेब कागदावरच नफा देतो. विल्यम्स यांची पद्धत उलट आहे: ५१० च्या किंचित वर खरेदीची ऑर्डर लावून ठेवायची, तीही फ्रॅक्टल अ‍ॅलिगेटरच्या लाल रेषेच्या वर असेल तरच.

मधल्या भावाच्या १३ बारांची स्मूद्ड सरासरी ८ बार पुढे सरकवली की निळा जबडा होतो. ८ ची ५ बार पुढे म्हणजे लाल दात, ५ ची ३ बार पुढे म्हणजे हिरवे ओठ. रेषा एकमेकींत गुंतल्या की मगर झोपलेली, क्रमाने फाकल्या की जागी. आता खरी मेख पाहा. भाव ४९० ते ५१० मध्ये घोटाळत असेल, तर लाल रेषा ५०० च्या आसपास राहते. मग ५१० चा फ्रॅक्टल तिच्या वर आणि ४९० चा खाली, म्हणजे दोन्ही सौदे नियमात बसतात आणि दोन्हीकडे स्टॉपलॉस उडत राहतो. म्हणून लाल रेषेची अट एकटी पुरत नाही. हिरवी वर, मग लाल, मग निळी हा क्रम आणि त्यांच्यातलं किमान अंतर सौद्याआधीच लिहून ठेवावं.

कोणी म्हणेल, जबड्यात सरासरी वीस बार जुना भाव असतो, मग असं उशिरा जागं होणारं साधन हवं कशाला? आक्षेप खरा आहे. चढणीचा पहिला टप्पा हातचा जातोच. पण या रेषांचं काम भाकीत करणं नाही, कधी हात आखडावा हे सांगणं आहे. कुणी असंही म्हणेल की अंतराचा आकडा जुन्या चार्टवर हवा तसा जुळवता येतो. तेही खरं. म्हणून तो एका काळावर ठरवून दुसऱ्या काळावर तपासावा आणि तपासताना चार्टची उजवी बाजू झाकून एकेक बार उघडावा. प्रत्येक फ्रॅक्टलची तारीख मधल्या बारची नव्हे, पाचव्या बारची लिहावी.