भाव सरकारी होता, तरी वाद झालाच

डीएपीच्या गोणीचा भाव दुकानदाराच्या हातात नसतो. ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना, आणि तो आकडा गोणीवरच छापलेला. त्यामुळे आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने अध्यक्षांच्या सख्ख्या भावाच्या फर्मकडून ५०० गोण्या उचलल्या, तेव्हा त्यात काही वावगं निघेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. फर्म कुणाची, हे सभेत कुणी विचारलं नाही आणि अध्यक्षांनीही सांगितलं नाही. पुढच्या वार्षिक सभेत मात्र याच व्यवहारावरून खुर्च्या सरकल्या. त्यानंतरच्या हंगामात बऱ्याच सभासदांनी सोयाबीन कंपनीला न देता थेट रिसोडच्या व्यापाऱ्याला घातलं.

मी केनवडला राहून हिशेबाची कामं करतो. वाद पेटल्यावर त्या कंपनीने जुन्या वह्या तपासायला मला बोलावलं. कंपनीचं नाव आणि माणसांची नावं सांगत नाही, त्याची गरजही नाही. अशी कंपनी प्रत्येक तालुक्यात सापडेल.

आधी बिलं काढली. ५०० गोण्यांचे ६ लाख ७५ हजार, भाव छापील, एक रुपयाही जास्त नाही. त्याच बिलात खाली आणखी एक ओळ होती: सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ५० बादल्या, प्रत्येकी ५४० रुपये, एकूण २७ हजार. दहा गोण्यांमागे एक बादली. याला काय म्हणतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. लिंकिंगला मनाई आहे आणि पेरणीच्या तोंडावर ते होतंच. मी गोदामात जाऊन पाहिलं तर ३८ बादल्या भिंतीला लावून ठेवलेल्या, वर धूळ. म्हणजे २० हजार ५२० रुपये तिथे अडकलेले. बादल्यांचा खर्च गोणीवर पसरला तर गोणी पडली १,४०४ रुपयांना.

मग पैसे कधी दिले ते पाहिलं. बाकीच्या पुरवठादारांना कंपनी माल आल्यावर महिन्याने पैसे देत होती. या फर्मला मात्र आगाऊ रक्कम गेली होती आणि माल आला महिन्याने. कंपनीची बँकेत कॅश क्रेडिट मर्यादा होती, व्याज ११ टक्के. पावणेसात लाखांचं एका महिन्याचं व्याज ६ हजार १९० रुपयांच्या आसपास जातं. त्याहून अवघड गोष्ट वेगळीच होती. उत्पादक कंपनीत संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज किंवा उचल द्यायची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ही रक्कम मालाची आगाऊ होती, कर्ज नव्हतं, असं माझं मत. पण सभेत विरोधकांनी तिला ‘भावाला दिलेली उचल’ म्हटलं आणि ते खोडून काढायला कागदावर एक ओळही नव्हती.

अध्यक्ष माणूस वाईट नाही. मला ते म्हणाले, “दादा, भाव तं सरकारीच हाये. मंग काहून सांगाचं? उलटं माहा भाऊ होता म्हून माल भेटला, दुसऱ्याईनं देल्लाच नसता.”

हे खरंही असू शकतं. त्या जूनमध्ये डीएपीची ओढाताण होती. कदाचित इतर ठोक विक्रेतेही बादल्या गळ्यात मारत होते आणि आगाऊ पैसे मागत होते. तसं असेल तर भावाने दिलेल्या अटी बाजारासारख्याच होत्या, कदाचित बऱ्याही. पण हे आता ठरवायचं कशावरून? दुसऱ्या कुणाकडून दरपत्रक घेतलं नव्हतं, कारण भाव ठरलेलाच आहे म्हणून गरज वाटली नाही. नातं माहीत असतं तर एखाद्या तरी संचालकाने मेहकरला किंवा मालेगावला फोन लावला असता, आणि त्या दिवशीच्या अटी कुठेतरी लिहून राहिल्या असत्या. हंगाम गेला की त्या अटी शोधून सापडत नाहीत. व्यवहार चोख होता की नव्हता याचा निकाल मी आजही देऊ शकत नाही, आणि अध्यक्षांनाही तो स्वतःच्या बाजूने सिद्ध करता आला नाही.

शहरातल्या मोठ्या लोकांचंही असंच होतं. संभाजीनगरजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनला २००९ मध्ये आयसीआयसीआय बँकेने ३०० कोटींचं कर्ज दिलं. ते मंजूर करणाऱ्या समितीत बँकेच्या प्रमुख चंदा कोचर होत्या. कर्ज हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी व्हिडिओकॉन समूहातून ६४ कोटी त्यांच्या पतीच्या न्यूपॉवर कंपनीत गेले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. बँकेत कर्जाचे निर्णय कुणी एकटा घेत नाही, ते समिती घेते, असं कोचर यांचं म्हणणं. मार्च २०१८ मध्ये संचालक मंडळानेही त्यांच्यावर पूर्ण विश्वास दाखवला होता. पण न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये आला, आणि त्यात बोट ठेवलं होतं ते आचारसंहिता, हितसंबंधांचा संघर्ष आणि ते उघड करण्याचे नियम मोडल्यावर. बँकेने त्यांचं जाणं बडतर्फी मानलं आणि २००९ पासूनचे बोनस परत मागितले. कर्जाच्या अटी योग्य होत्या की नाही, हा वाद त्यासाठी संपावा लागला नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण अध्यक्षांचा गैरसमज तिथेच होता आणि तो फार लोकांचा असतो. गावात ग्रामपंचायतीचा नियम सगळ्यांना पाठ आहे: सदस्याचा पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर कलम १४ खाली सदस्यत्व जाऊ शकतं. तिथे सरळ बंदी. कंपनी कायदा तसा नाही. २०१३ च्या कायद्याचं कलम १८८ नातेवाइकाशी व्यवहार करू देतं. व्यवहार धंद्याच्या नेहमीच्या ओघातला असेल आणि परक्याशी केला असता तसाच असेल, तर त्याला संचालक मंडळाच्या खास मंजुरीचीही गरज नाही. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात.

सुटते ती मंजुरी. सांगण्यातून सुटका होत नाही. वर्षअखेरीच्या हिशेबाला लेखामानक १८ लागू होतं आणि त्यात अट चोख असो वा नसो, संबंधित व्यक्तीचं नाव, नातं, व्यवहार कशाचा, रक्कम किती आणि येणं-देणं किती उरलं, हे टिपणीत लिहावं लागतं. संबंधित व्यक्तींशी झालेल्या एकाच प्रकारच्या एकूण व्यवहाराच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम असेल तर ती वेगळी दाखवायची. आमच्या कंपनीची त्या वर्षीची खतखरेदी २२ लाखांची, त्यातले ७ लाख २ हजार या एका फर्मचे. जवळजवळ तिसरा हिस्सा. संचालकांच्या अहवालासोबत जोडायच्या एओसी-२ नमुन्याचे तर दोन भागच आहेत. पहिला परक्याशी होणाऱ्या व्यवहारासारखे नसलेल्या व्यवहारांचा, दुसरा तसे असलेल्या मोठ्या व्यवहारांचा. म्हणजे चोख व्यवहारासाठीही कायद्याने रकाना आखून ठेवला आहे. अध्यक्षांना मी तो नमुना दाखवला. त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

कंपनीने त्यानंतर काय बदललं ते सांगतो, कारण ते कुणालाही करता येण्यासारखं आहे. दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक संचालक एमबीपी-१ नमुन्यात आपला कुठे-कुठे हितसंबंध आहे ते लिहून देतो. हे कायद्याने आधीपासून बंधनकारक होतं, फक्त सगळे ‘निरंक’ लिहून सही करायचे. आता त्याला एक साधा कागद जोडतात: घरातल्या, भावाच्या, जावयाच्या दुकानांची आणि गाड्यांची यादी. खरेदीचा विषय आला की इतिवृत्तात असं लिहिलं जातं: “अमुक फर्म अध्यक्षांच्या सख्ख्या भावाची आहे, हे अध्यक्षांनी बैठकीत सांगितले. अन्य दोन विक्रेत्यांकडून त्याच दिवशी विचारलेले दर, सोबतचा सक्तीचा माल आणि पैसे देण्याची मुदत तक्त्यात नोंदवली. अध्यक्ष निर्णयाच्या वेळी बाहेर बसले.” खासगी कंपनीला मिळालेली सवलत उत्पादक कंपनीलाही लागू पडते, त्यामुळे हितसंबंध सांगितलेला संचालक चर्चेत बसला तरी चालतं. माझा सल्ला, बसू नये. त्याच्या तोंडाकडे पाहून कुणी बोलत नाही.

या तक्त्यातले तीन रकाने महत्त्वाचे. एकट्या दराचा रकाना ठेवला असता तर आमचा डीएपीचा व्यवहार आजही निर्दोष दिसला असता.

कायद्याच्या यादीत एक भोक आहे. नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. साडू त्यात नाही, मेहुणा नाही, चुलतभाऊ नाही, पुतण्याही नाही. आमच्याच कंपनीत सोयाबीन वाहणारा ट्रक एका संचालकाच्या साडूचा होता. कायद्याने तो परका, पण गावात त्याला परका म्हणणारा एकही माणूस सापडणार नाही. म्हणून कंपनीने आपल्यापुरतं ठरवलं की साडू-मेहुणे-चुलते हिशेबाच्या टिपणीत नसले तरी इतिवृत्तात यायलाच हवेत.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गाव एका भावकीचं. प्रत्येक सभासद कुठल्या ना कुठल्या संचालकाचा नातेवाईक निघतो. मग लिहायचं किती? खरेदीच्या बाबतीत आम्ही मर्यादा घातली: शेतकरी म्हणून सगळ्यांसारखा माल घालणारा नातेवाईक वेगळा लिहायचा नाही. पुरवठादार, वाहतूकदार, भाडेकरू किंवा पगारदार असेल तर लिहायचा.

संचालक स्वतः मात्र यातून सुटत नाहीत. त्यांचं सोयाबीनही कंपनी घेते, भाव सभासदांइतकाच. त्यावरूनही कुजबुज होती, आणि ती भावावरून नव्हती. सोयाबीनचा भाव हंगामात वर-खाली होतो, आणि १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा भरला की कट्टी लागते. कुणाचा माल कुठल्या दिवशी मोजला आणि ओलावा कुणी पाहिला, यातच सगळं आलं. म्हणून संचालकाच्या पावतीवर तारीख, त्या दिवशीचा कंपनीचा भाव, ओलावामापकाचा आकडा आणि मोजणाऱ्याची सही असते. मोजणारा त्या संचालकाच्या घरचा नसावा. वर्षअखेरीला या पावत्यांची बेरीज टिपणीत जाते आणि पावत्यांची फाईल सभेच्या टेबलावर ठेवली जाते.