तयार माल नाही, चाललेला प्रयोग दाखवा

पाकिटाचा छान फोटो बघून गिऱ्हाईक येतं. सोबत काम करणारा माणूस मात्र तुमचं डोकं कसं चालतं ते बघतो.

आमचा चिवडा आठवड्यात मऊ पडायचा. मी स्टेटसला तेच टाकलं: "एकाच घाण्यातली दोन पाकिटं गरम असतानाच सील केली, दोन पूर्ण गार झाल्यावर. पिशवी तीच. आठ दिवसांनी सांगतो."

आठव्या दिवशी गरम भरलेलं मऊ, गार भरलेलं कुरकुरीत. म्हणजे आतली वाफच मुरत होती. पण गार भरलेलं दुसरं पाकीटही विसाव्या दिवशी मऊ निघालं. तेही लिहिलं. ते वाचून एका पॅकिंगवाल्याने जाड पिशव्यांचे नमुने स्वतःहून पाठवले.

एका वेळी एकच बदल करा, फसलेलंही दाखवा. मसाल्याचं प्रमाण आणि खरेदीचा भाव मात्र टाकू नका.