स्टील जास्त लागलं? मालकाला ‘वेस्टेज’ एवढंच सांगू नका

व्हिडिओत सांगितलेला हिशोब इथे सविस्तर मांडतोय. अंबरनाथ-बदलापूरकडे छोटी बांधकामं घेणाऱ्यांनी हा नमुना ठेवून घ्या. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, बदलापूरला तळमजला अधिक तीन मजल्यांचं काम आहे. अंदाज होता २०,००० किलो. काट्याच्या पावत्यांप्रमाणे माल आला २२,६०० किलो. साइटवर चांगल्या सळया उरल्या ५०० किलो. म्हणजे वापर २२,१०० आणि फरक २,१०० किलो. आता साइट इंजिनीअर मालकाला काय लिहील?

“साहेब, जादा २,१०० किलोचा हिशोब असा आहे:

१. आपण तिसऱ्या मजल्यावर गॅलरी वाढवली. सुधारित ड्रॉइंगप्रमाणे ७०० किलो.

२. अंदाजात सळयांचे लॅप आणि स्लॅबच्या चेअर धरल्या नव्हत्या. मोजून ६०० किलो. हे स्टील काँक्रीटमध्येच आहे, वाया गेलेलं नाही.

३. सळई प्रमाणित वजनापेक्षा जड आली. ३०० किलो.

४. कापलेले तुकडे वेगळे ठेवून वजन केलं. ३५० किलो.

५. हिशोब लागत नाही: १५० किलो.”

तिसरा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. आपण पैसे वजनावर देतो, पण सळई बसते लांबीवर. एका मीटरचं वजन काढायला व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचं. १२ मिमीला येतं ०.८८९ किलो, म्हणजे १२ मीटरच्या सळईला १०.६७ किलो. तीच सळई काट्यावर १०.८२ भरली, तर दर शंभर किलोमागे जवळपास दीड किलो जास्त गेलं. आयएस १७८६ प्रमाणे १२ मिमीला पाच टक्के कमी-जास्त चालतं, त्यामुळे दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. पण प्रत्येक गाडीतल्या चार-पाच सळया मोजून वजन लिहून ठेवा. नंतर हा मुद्दा सिद्ध करायला दुसरा पुरावा नसतो.

खरं वेस्टेज म्हणजे फक्त शेवटचे दोन मुद्दे, ५०० किलो. वापराच्या सव्वादोन टक्के. मालकाला नुसतं ‘२,१०० किलो वेस्टेज’ सांगितलं असतं, तर त्याला ते साडेदहा टक्के वाटलं असतं आणि पहिला संशय चोरीचाच आला असता.

पाचवा मुद्दा लपवायचा मोह होतो. तो चौथ्यात मिसळू नका. मालकाने भंगारवाल्याची पावती मागितली, की ३५० चे ५०० होत नाहीत, आणि मग बाकीच्या चार ओळींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

आणि हे पत्र काम संपल्यावर नको. प्रत्येक स्लॅब झाला, की उरलेला माल मोजून लिहा. तळमजल्यालाच ४० किलोचा फरक दिसला, तर शोधता येतो. शेवटी १५० सापडत नाहीत.