वरचं युनिट आधी मोज

अगं, जावईबापूंनी सोलरवाल्याचं कोटेशन पाठवलंय. तीन किलोवॉट, दोन लाख दहा हजार, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘वीजबिल शून्य’. कोटेशन वाईट नाही, पण त्यावर सही करायच्या आधी स्वतःचं बिल स्वतः मांडता आलं पाहिजे. आमचे अण्णा बिल यायच्या आधीच आकडा सांगायचे आणि तो पाच-दहा रुपयांपेक्षा जास्त चुकायचा नाही. त्यांनी शिकवलेलंच तुला सांगतोय, फक्त दर अलीकडचे घालून.

आधी मीटर. आताच्या मीटरवर आकडे एकामागोमाग फिरत राहतात. तारीख, वेळ, व्होल्टेज असं बरंच काही येतं. ज्या आकड्याशेजारी kWh लिहिलेलं असेल, तोच घ्यायचा. MD म्हणजे त्या महिन्यातली सर्वांत जास्त मागणी, ती युनिटं नव्हेत. बिलावर चालू रीडिंगची तारीख असते. त्या दिवसापासून बारा दिवसांनी बघितलंस आणि १३६ युनिटं झालेली दिसली, तर तीस दिवसांत ३४० होणार. तुमच्या घराची वर्षाची सरासरीही एवढीच आहे, म्हणून हाच आकडा धरू.

आता दर. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला चार टप्पे असतात: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. मी २०२४-२५ चे दर घेतो. वीज आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये, आणि प्रत्येक युनिटावर वहन आकार १.१७. म्हणजे एक युनिट पहिल्या टप्प्यात ५.८८ ला, दुसऱ्यात ११.४६ ला, तिसऱ्यात १५.७२ ला पडतं. २०२५ मध्ये नियामक आयोगाने दर बदलले, तेव्हा तू हिशेब करशील तेव्हा तुझ्या ताज्या बिलामागचे आकडे घाल. रीत तीच राहते.

बरेच जण एक घोळ घालतात. ३०१ वं युनिट झालं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो असं त्यांना वाटतं. तसं नसतं. पहिली शंभर पहिल्याच दराने जातात, महिन्याला कितीही जाळलं तरी. तुमच्या ३४० चं असं होतं: पहिल्या शंभरचे ५८८ रुपये, पुढच्या दोनशेचे २,२९२, आणि वरच्या फक्त चाळीस युनिटांचे जवळजवळ ६२९. बेरीज ३,५०९. त्यात सिंगल फेजचा स्थिर आकार १२८ रुपये मिळवला की ३,६३७. या सगळ्यावर, स्थिर आकारावरसुद्धा, १६ टक्के वीज शुल्क. हाती येतात ४,२१९ रुपये. इंधन समायोजन आकार दर महिन्याला हलतो, म्हणून तो मी शून्य धरलाय. बिलावर जो दिसेल तो शुल्काच्या आधी मिळवायचा.

हा आकडा आला की पुढचं काम, आणि खरी गंमत तिथेच आहे. शुल्क धरून तुमचं सगळ्यात वरचं युनिट १८ रुपये २४ पैशांना पडतं, मधलं १३.२९ ला आणि तळाचं ६.८२ ला. एसी तासाभरात साधारण एक युनिट खातो असं धर. तुमच्याकडे तो तास अठरा रुपयांचा. आम्ही दोघंच असतो, महिन्याला नव्वद युनिटांच्या आत. आमच्याकडे तोच तास सात रुपयांचा. काटकसर असो की सोलर, वाचतं ते नेहमी वरचं युनिट. तळाची शंभर शेवटी हलतात.

एक पडताळणी मात्र बिल आल्या आल्या कर. रीडिंग घ्यायला कुणी आलंच नाही आणि दोन महिन्यांचं बिल एकत्र आलं, तर टप्पेही दुप्पट मिळायला हवेत: पहिली दोनशे तळाच्या दराने, पुढची चारशे मधल्या दराने. तसं न करता ६८० युनिटं एकाच महिन्याची म्हणून मांडली, तर तुमच्या घराला सुमारे २,४०० रुपये जादा लागतील. मागील आणि चालू रीडिंगच्या तारखांमधले दिवस मोजले की लगेच कळतं. वीज आकाराची रक्कम हाताने ताडून बघायची आणि जमत नसेल तर तक्रार लेखी द्यायची.

आता सोलरवाल्याच्या कागदाकडे ये. तो काय करतो, तर ४,२१९ ला ३४० ने भागतो आणि म्हणतो, ‘तुम्हाला युनिट साडेबारा रुपयांना पडतंय.’ मग प्रत्येक किलोवॉटला तीच साडेबाराची बचत दाखवतो. सरासरीने भुलायचं नाही. एकेक किलोवॉट वेगळा काढून बघ.

आपल्याकडे एक किलोवॉट चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिटं देतो, पावसाळ्यात बराच पडतो. वर्षाची सरासरी मी महिन्याला ११० धरतो, थोडं हात राखूनच. पहिल्या किलोवॉटच्या ११० युनिटांपैकी ४० अठरा रुपयेवाली आणि ७० तेरा रुपयेवाली जातात. महिन्याला १,६६० रुपये वाचले. दुसऱ्याची सगळी ११० तेरा रुपयेवाली, म्हणजे १,४६२. तिसऱ्याच्या वाट्याला मधली वीसच उरतात आणि बाकीची नव्वद तळातली. वाचतात फक्त ८८०. साडेबाराच्या हिशेबाने सोलरवाला तिथे १,३७५ दाखवणार.

खर्चही तसाच किलोवॉटनिहाय लाव. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार अनुदान, तिसऱ्याला १८ हजार, आणि तिथे ७८ हजारांवर ते थांबतं. तुमच्याकडे आलेले भाव ८० हजार, दीड लाख आणि दोन लाख दहा हजार असे आहेत. अनुदान वजा जाता पहिला किलोवॉट ५० हजारांत, दुसरा आणखी ४० हजारांत, तिसरा आणखी ४२ हजारांत पडतो. पहिल्याचे पैसे अडीच वर्षांत फिटतात. दुसऱ्याचे सव्वादोन वर्षांत, कारण बांधणी, इन्व्हर्टर, वायरिंग यांचा बराचसा खर्च पहिल्यातच उरकलेला असतो. तिसऱ्याला चार वर्षं लागतात. एकत्र गोळाबेरीज केलीस तर तीन किलोवॉटचं उत्तर पावणेतीन वर्षं येतं आणि छान दिसतं, पण त्या छान दिसण्यात तिसऱ्याची सुस्ती लपून जाते.

चार वर्षं काही वाईट नाहीत, पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. पण मधे केव्हातरी इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च बाजूला धर. चौथा किलोवॉट घ्यायचा विचार मात्र करूच नका. त्याला अनुदान नाही. तो येईपर्यंत तुमची जेमतेम दहा युनिटं उरलेली असतात, म्हणजे उरलेली शंभर जादा. त्यांना तीन रुपये भाव मिळाला असं धरलं तरी त्याचे साठ हजार वसूल व्हायला साडेतेरा वर्षं जातील.

आणि ‘शून्य बिल’ हे तर विसरच. तीन किलोवॉट बसवूनही स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क मिळून १४८ रुपये दर महिन्याला द्यावेच लागतात. उरलेल्या दहा युनिटांसकट तुमचं बिल २१७ येईल.

जादा युनिटांचं गणित नीट समजून घे, कारण कोटेशनात ते नसतं. नेट मीटरवर या महिन्यात उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात. पण खातं ३१ मार्चला बंद होतं. तेव्हा जी शिल्लक असेल ती ठरलेल्या, बऱ्याच कमी दराने विकत घेतली जाते आणि एक एप्रिलला पाटी कोरी. म्हणजे थंडीत पंखे बंद असताना साठवलेली युनिटं मे महिन्याच्या एसीला मिळत नाहीत. म्हणून सरासरी बघून थांबू नकोस. बारा बिलं समोर ठेव आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तुम्ही किती वापरता ते बघ. त्या महिन्यांत २२० च्या आसपास असाल, तर माझं मत दोन किलोवॉटचं. एक-दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर किंवा दुसरा एसी नक्की येणार असेल तरच तीन. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते, तुमच्या पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात दुपारी तीनला कुठवर येते ते जाऊन बघून घ्या.

आम्ही का नाही बसवलं, असं तू मागे विचारलं होतंस. नव्वद युनिटांचं आमचं बिल ७६२ रुपये. एक किलोवॉटने त्यातले ६१४ वाचतील, वर्षाचे ७,३६६. पन्नास हजार फिटायला पावणेसात वर्षं. तुमच्या गच्चीवर जे अडीच वर्षांत फिटतं, तेच आमच्या गच्चीवर इतका वेळ घेतं, पॅनेल आणि ऊन दोन्ही सारखंच असून.

बसवल्यावर पहिल्या महिन्यात तुम्ही घाबराल ते आत्ताच सांगून ठेवतो. इन्व्हर्टर म्हणेल २२० युनिटं झाली आणि बिलावर निर्यात दिसेल १३०. नव्वद चोरीला गेली नाहीत. दिवसा फ्रिज, पंप, मिक्सर यांनी ती घरातल्या घरात वापरली, मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. वापर काढताना आयात अधिक ही नव्वद असं धरायचं. खरंच काळजी करायची ती निर्यातीच्या रकान्यात शून्य आलं तर, किंवा भर एप्रिलमध्ये इन्व्हर्टरचा दिवसाचा आकडा दोन किलोवॉटला पाचच्या खाली गेला तर. आधी पॅनेल सकाळी गार असताना साध्या पाण्याने धुऊन बघा. तरीही सुधारलं नाही तर वायरमनला बोलवा.

आणि जावईबापूंना सांग, लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. लोडशेडिंगसाठी बॅटरीवाला हवा असेल तर त्याचा खर्च वेगळा, आणि तो या अडीच वर्षांच्या हिशेबात बसत नाही.