हुडहुडी भरली, तरी घड्याळ गप्प का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे. काही महिन्यांपासून रात्री स्मार्टवॉच घालून झोपते. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, तेव्हाचा मनगटाच्या तापमानाचा आलेख मला अजून उलगडत नाही. सोमवारी रात्री मला काहीच होत नव्हतं, तरी सकाळी घड्याळाने नेहमीपेक्षा ०.७ अंश जास्त दाखवलं. (त्या रात्री पाऊस होता आणि लाइट गेली होती.) मंगळवारी दिवसभर अंग मोडून आलं. पहाटे पाचला हुडहुडी भरली, दोन रग घेतले तरी थंडी जाईना, थर्मामीटरने १०२ दाखवलं. घड्याळात मात्र त्या रात्रीचा फरक फक्त ०.१! बुधवारी रात्री तो १.४ झाला. रविवारी आलेख पुन्हा नेहमीच्या रेषेवर आला, घरचे सगळे निश्चिंत झाले आणि डॉक्टर म्हणाले, ‘आता खरी काळजी घ्यायची.’ मग घड्याळाचं ऐकायचं तरी कधी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी घड्याळ काय मोजतं ते पाहू. ताप म्हणजे शरीराच्या आतलं तापमान वाढणं. घड्याळाचा सेन्सर असतो मनगटाच्या कातडीवर. कातडी हे उष्णता बाहेर टाकायचं किंवा आत राखून ठेवायचं शरीराचं साधन आहे, त्यामुळे तिचं तापमान आतल्या तापमानाबरोबर चालेलच असं नाही. एरवी चाललं तरी आजारपणातल्या काही मोक्याच्या वेळी ते उलट दिशेला जातं. तुमची हुडहुडीची पहाट ही तशीच एक वेळ होती.

विषाणूशी लढताना शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर त्याचा परिणाम होऊन शरीराचं ‘योग्य’ तापमान ३७ अंश सेल्सियसवरून ३९च्या आसपास सरकतं. रक्त अजून ३७वरच असतं, म्हणजे मेंदूच्या हिशेबाने शरीर गार पडलेलं असतं. मग उष्णता वाचवण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, आणि उष्णता तयार करण्यासाठी स्नायू थरथरू लागतात. हीच हुडहुडी. या अर्ध्या-एक तासात आतला ताप भराभर चढतो आणि मनगट मात्र गार होतं. थर्मामीटरला १०२ दिसत असताना तुमच्या हाताला कुणी स्पर्श केला असता, तर तो गारच लागला असता. घड्याळाने तेवढंच नोंदवलं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. ही घड्याळं सकाळी जो आकडा दाखवतात, तो सबंध रात्रीचा मिळून एकच असतो. उदाहरणार्थ, २०२२मध्ये आलेल्या अ‍ॅपल वॉच सिरीज ८मध्ये तापमानाचे दोन सेन्सर आहेत, एक कातडीला लागून आणि दुसरा काचेखाली, म्हणजे बाहेरच्या हवेचा परिणाम वजा करता येतो. झोपेत दर पाच सेकंदांनी नोंद होते आणि सुमारे पाच रात्रींनंतर तुमची स्वतःची नेहमीची पातळी ठरते. पुढे दिसतो तो त्या पातळीपासूनचा फरक. तुमची हुडहुडी रात्र संपता संपता आली. आधीचे सहा तास साधेच गेले आणि शेवटचा थोडा वेळ मनगट गार होतं, म्हणून सगळं मिळून ०.१. बुधवारी रात्रीपर्यंत ताप चढून स्थिरावला होता, रक्तवाहिन्या सैलावल्या होत्या, कातडीही तापली होती, म्हणून १.४.

इथे एक चूक अनेक घरांत होते. हा १.४ कुणी ९८.६मध्ये मिळवून ‘ताप शंभरच आहे’ असं म्हणतं. असं करू नये. एक तर तो फरक सेल्सियसमध्ये असतो आणि आपले थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटमध्ये. पण अंश बदलून घेतले तरी बेरीज चुकीचीच, कारण कातडीवरचा फरक आणि आतला ताप यांचं ठरलेलं प्रमाण नसतं. ताप किती, हे कळायला थर्मामीटरच लागतो.

रात्रीच्या आकड्याची दुसरी मर्यादा दिवसा दिसते. दुपारी थंडी वाजून येणारा आणि संध्याकाळी घाम येऊन उतरणारा मलेरियाचा ताप झोपेतल्या आलेखात अजिबात न उमटताही जाऊ शकतो. वयस्क माणसांत आणि मधुमेहींत तर गंभीर जंतुसंसर्गातही ताप येईलच असं नसतं. म्हणून ‘घड्याळात काही नाही’ हा आजार नसल्याचा पुरावा मानू नका.

आता सोमवारची रात्र. डेंग्यूचा विषाणू ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात वाढू लागतो, तेव्हा ०.७ची वाढ ही त्याची चाहूल असू शकते. पण लाइट गेली होती, पंखा बंद होता, हवा दमट होती, आणि एवढ्यानेही मनगट तेवढं तापतं. हात पांघरुणाखाली किंवा उशीखाली राहणं, मद्य घेणं, संध्याकाळचा जोरदार व्यायाम, लस घेतल्यानंतरची रात्र, सैल पट्टा यांनीही आकडा हलतो. तुमच्या वयात पाळीचं चक्रही पाहायला हवं. बीजकोशातून बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी वर जाऊन पाळी येईपर्यंत तिथेच राहतं. महिन्याचा आलेख उघडला तर ही वाढ पायरीसारखी, साधारण दोन आठवड्यांची दिसेल. आजारपणाची वाढ टोकदार आणि काही दिवसांची असते. एकट्या रात्रीच्या आकड्यावरून मात्र या दोन्हींत फरक करता येत नाही.

त्यामुळे त्या रात्रीच्या इतर नोंदी पाहणं उपयोगाचं ठरतं. विश्रांतीतली नाडी आणि श्वासाचा वेगही नेहमीपेक्षा वाढला असेल, तर उकाड्यापेक्षा आजाराची शक्यता जास्त. तापाच्या प्रत्येक सेल्सियस अंशामागे नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढते. टायफॉइडमध्ये आणि कधी कधी डेंग्यूतही ती तेवढी वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. अ‍ॅपलच्या घड्याळातलं २०२४चं ‘व्हायटल्स’ अ‍ॅपही एकच मोजमाप बिघडलं तर सूचना देत नाही, किमान दोन बिघडल्यावर देतं. मला ते धोरण बरोबर वाटतं.

अनेक मोजमापं एकत्र केली तरी किती कळतं, याचा चांगला अंदाज कोविडच्या काळातल्या ‘टेमप्रेडिक्ट’ अभ्यासातून येतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटातल्या ओरा अंगठीची तापमान, नाडी आणि श्वासाची माहिती वापरली. २०२२च्या त्यांच्या निबंधानुसार, लोक चाचणीला जाण्याच्या सरासरी पावणेतीन दिवस आधी संसर्गाची खूण दिसत होती. हे खरंच मोलाचं आहे. त्याच निबंधातले दुसरे आकडे मात्र फारसे सांगितले जात नाहीत. पद्धतीने लागण झालेल्यांपैकी ८२ टक्के ओळखले, आणि लागण नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनाच ‘ठीक’ म्हटलं. म्हणजे ३७ टक्क्यांना खोटा इशारा.

हेच प्रमाण धरून हिशेब करू. समजा हजार जणांनी अशी अंगठी घातली आहे आणि त्यांच्यातल्या २० जणांना लागण झाली आहे. त्या २०पैकी १६ जणांना इशारा मिळेल. उरलेल्या ९८० निरोगी लोकांपैकी सुमारे ३६३ जणांनाही तो मिळेल. इशारा मिळालेल्या ३७९ जणांत खरे आजारी १६, म्हणजे शंभरात जेमतेम चार. साथ जोरात असेल तर हे प्रमाण सुधारतं, साथ नसेल तर आणखी घसरतं. शिवाय ही पद्धत कोविडच्या रुग्णांवर बेतलेली होती. फ्लू, डेंग्यू, लेप्टो यांच्यातला फरक कातडीचं तापमान सांगूच शकत नाही. तुमच्या सोमवारच्या ०.७चा अर्थ एवढाच : आज शरीराकडे लक्ष द्या, पाणी प्या, कणकण वाटली तर थर्मामीटर लावा.

आता रविवारबद्दल. तुमचे डॉक्टर अगदी बरोबर बोलले. डेंग्यूत पहिले तीन ते सात दिवस ताप असतो आणि धोक्याचा काळ सुरू होतो तो ताप उतरता उतरता. पुढच्या २४ ते ४८ तासांत काही रुग्णांच्या केशवाहिन्यांमधून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होतं, म्हणजे तपासणीत हिमॅटोक्रिट वाढतं, आणि प्लेटलेट घटतात. झिरपणं वाढलं तर रक्तदाब कोसळतो. यातलं काहीही मनगटाच्या तापमानात दिसत नाही. उलट रक्ताभिसरण कोसळू लागलं की हातपाय गार पडतात आणि आलेख खालीच येतो. बरं होतानाही तो खालीच येतो. दोन्ही वेळी रेष तीच दिसते आणि घरच्यांना वाटतं सुटलो. आलेखाचा हा गैरसमज मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटतो, कारण नेमका तेव्हाच रुग्णावरची नजर हटते.

तेव्हा पावसाळ्यात घरात कुणालाही ताप आला, तर तो कोणत्या दिवशी सुरू झाला ते लिहून ठेवा आणि दर चार-सहा तासांनी थर्मामीटरची नोंद करा. डॉक्टरांना या नोंदी घड्याळाच्या आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडतात. डेंग्यूची शंका असेल तोवर तापाला पॅरासिटामॉलच, तेही सांगितलेल्या मात्रेत. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळा, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रक्ततपासणी करा आणि लघवी नेहमीइतकी होते आहे का ते पाहा. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास होणं, गार आणि ओलसर हातपाय, सुस्ती किंवा अस्वस्थपणा यांपैकी एकही दिसलं, तर आलेख काहीही म्हणो, रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या.