फ्रिजमधला भात आणि ग्लुकोमीटरवरचे बारा अंक

शंका : मला सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. भात शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्ला तर साखर चढत नाही, असं सुनेनं सांगितलं. मी घरी तपासून पाहिलं. ताजा भात खाल्ल्यावर एक तासानं १९६ आली, फ्रिजमधला खाल्ल्यावर १८४. म्हणजे उपाय लागू पडला का? आणि परत गरम केल्यावर त्याचा गुण जात नाही का?
— एक वाचक, चिपळूण

समाधान : आधी गरम करण्याचं बघू. फ्रिजमधल्या भाताचं एक शीत बोटात दाबून पाहा. काल ते मऊ होतं, आज मधोमध मोडतं. फोडणीच्या भाताला आपण शिळा भात घेतो तो याच मोकळेपणासाठी. शिजताना तांदळातल्या पिष्टाची वीण सुटते, थंडीत तिचा काही भाग पुन्हा घट्ट बसतो. पिष्टाचे दोन प्रकार असतात. अमायलोपेक्टिनची वीण गरम केल्यावर पुन्हा सैल पडते, म्हणून शीत परत मऊ होतं. अमायलोजची मात्र घरच्या आचेला दाद देत नाही. लहान आतड्यातल्या पाचकरसांना ती सहज तोडता येत नाही, म्हणून तिला प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. तेव्हा भात गरम करून खा, गुण सगळा जात नाही. चिकट भाताच्या तांदळात अमायलोज कमी असतं, त्यामुळे त्यात फरकही कमी पडतो.

आता तो गुण केवढा, ते पाहू. इंडोनेशियातल्या संशोधकांनी २०१५ साली हे मोजलं. ताज्या भातात शंभर ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट होतं. चोवीस तास ४ अंश सेल्सिअसला ठेवून गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वाटीत जेमतेम दीड ग्रॅमची भर, आणि त्याच वाटीत साधारण चाळीस ग्रॅम कर्बोदकं असतात. तरीही पंधरा निरोगी माणसांत जेवणानंतरची साखरेची एकूण चढ सुमारे अठरा टक्क्यांनी कमी भरली. दीड ग्रॅमच्या हिशेबात हे बसत नाही. माझ्या मते उरलेलं पिष्टही थोडं सावकाश पचत असावं. एवढ्या लहान प्रयोगातला आकडा जसाच्या तसा आपल्या ताटाला लावू नये, पण परिणाम खरा आहे, एवढं मी मानते.

तुमच्या बारा अंकांवरून मात्र काहीच ठरत नाही. घरच्या ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात शंभराच्या वरच्या साखरेला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं. १९६ दाखवणाऱ्या मीटरची खरी साखर १७०च्या आसपास किंवा सव्वादोनशेच्या जवळही असू शकते. दोन्ही दिवशी जेवणाआधीची साखर किती होती, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ११० असेल तर १९६ म्हणजे शहाऐंशीची चढ. आधी ९५ असेल तर १८४ म्हणजे एकोणनव्वदची. मग ताजा भातच बरा ठरला!

पुन्हा तपासायचं तर असं करा. दोन्ही वेळी कच्चा तांदूळ पन्नास ग्रॅम मोजा. शिजलेला भात मोजू नका, कारण फ्रिजमध्ये त्यातलं पाणी कमी होतं. आमटी-भाजी तीच, वेळ तीच, जेवणानंतर चालणं तेवढंच. जेवणाआधी, पाऊण तासानं आणि दीड तासानं मोजा. ताजा भात तीन दिवस, फ्रिजमधला तीन दिवस, आलटूनपालटून. तिन्ही वेळा फरक एकाच बाजूला झुकला तर तो धरा.

आणखी एक. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढून जे विष तयार करतात, ते गरम केल्यानंही जात नाही. भात परातीत पसरून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा.

शंका : माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, तो इन्सुलिन घेतो. त्याला असा भात दिला तर चालेल का?
— एक आई, पुणे

समाधान : विचारलंत हे फार बरं केलंत. पोलंडमध्ये टाइप १ च्या बत्तीस रुग्णांना एकदा ताजा आणि एकदा थंड करून गरम केलेला भात दिला; २०२२ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखरेचा सर्वांत वरचा आकडा ताज्या भातावर १९८च्या आसपास होता, दुसऱ्यावर १७८च्या. पण इन्सुलिनचा डोस दोन्ही वेळा तोच होता. ताज्या भातानंतर तिघांची साखर घसरली, थंड केलेल्या भातानंतर बारा जणांची. त्यामुळे डोसबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मुलाला हा भात सुरू करू नका, आणि कधी दिलाच तर पुढचे तीन तास त्याची साखर तपासत राहा.