लहान आउटबोर्ड इंजिनाचे इंधन व वंगण : टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक

किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांवर टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक अशी दोन्ही प्रकारची पेट्रोल इंजिने आढळतात. त्यांतील महत्त्वाचा फरक वंगण मिळण्याच्या मार्गात आहे. तो ध्यानात न घेतल्यास इंजिन भर समुद्रात बंद पडण्याचा धोका असतो.

साध्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवा क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जातात. त्यामुळे तेथे तेल साठवता येत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. अनेक इंजिनांसाठी हे प्रमाण ५०:१ असते, म्हणजे २० लिटर पेट्रोलमध्ये ४०० मिलिलिटर तेल. नव्या इंजिनाला सुरुवातीच्या तासांत अधिक तेल लागते. ते प्रमाण माहितीपुस्तिकेनुसार ठेवावे. तेलाच्या डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ हे मानक असावे. स्कूटरचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्याची राख स्पार्क प्लगवर व पिस्टन रिंगांवर साचते.

चूक बहुधा अर्धवट भरलेल्या टाकीत होते. समजा, टाकीत ८ लिटर मिश्रण शिल्लक आहे व त्यात १२ लिटर पेट्रोल ओतायचे आहे. शिल्लक मिश्रणात सुमारे १६० मिलिलिटर तेल आधीच आहे. म्हणून नव्या १२ लिटरसाठी २४० मिलिलिटर तेल घालावे. तेल न घालता केवळ पेट्रोल ओतल्यास प्रमाण १२५:१ पर्यंत घसरते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. याउलट पूर्ण ४०० मिलिलिटर घातल्यास धूर वाढतो व प्लग काळा, तेलकट होतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पाणी शिरल्यास आणखी एक धोका संभवतो. पुरेसे पाणी मिसळले की इथेनॉल व पाणी तळाशी वेगळे होतात आणि तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. टाकीतील नळी तळातून इंधन ओढत असल्याने इंजिनाला वंगणरहित द्रव मिळतो. नमुना पारदर्शक बाटलीत घेऊन स्थिर ठेवावा. दोन थर दिसल्यास ते इंधन वापरू नये.

फोर-स्ट्रोक इंजिनात तेलाचा स्वतंत्र साठा असतो, त्यामुळे टाकीत निव्वळ पेट्रोलच भरावे. इंजिन उभे व बंद ठेवून, तेल खाली उतरू दिल्यावर मापपट्टीने पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरल्याचे समजावे. पातळी आपोआप वाढून पेट्रोलचा वास आल्यास तेलात इंधन उतरत आहे. सामान्यतः पहिल्या २० तासांनंतर व पुढे दर १०० तासांनी तेल बदलावे.

दोन्ही प्रकारची इंजिने वापरणाऱ्यांनी मिश्रणाच्या टाकीवर ठळक खूण करावी. निव्वळ पेट्रोल चुकून टू-स्ट्रोकला जोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.